टिकटिकीतली खोट

बेळगावच्या खडेबाजारात एका घड्याळदुरुस्तीच्या दुकानी मी उमेदवारी करीत होतो. एका कन्नड गुरुजींचे जुने एचएमटी रोज तीन मिनिटे मागे पडे. मी रेग्युलेटर किंचित सरकवला. दोन दिवस मनगटावर वापरून गुरुजी खूश होऊन आले, वेळ अगदी बरोबर!

मालक मला म्हणाले, "कानाला लाव. आता पालथं घाल."

सेकंदाला पाच ठोके. ते मोजता येत नाहीत, त्यांचा नाद ऐकायचा. डायल वर असताना तो टणक होता, पालथे घालताच दबका झाला. बॅलन्सचे चाक केसासारख्या बारीक आसाच्या टोकावर उभे असते आणि घड्याळ उलटले की टोक बदलते. एक टोक झिजून चपटे झाले होते. त्या बाजूला चाकाचा झोका आखूड पडून चाल बिघडे. माझ्या दुरुस्तीने एका बाजूची चूक दुसरीने फेडली होती, इतकेच. ठेवण्याची सवय बदलली की हिशेब चुकणार होता.

मग मी खोटे बोललो होतो का? काल नाही, काल मला ऐकूच येत नव्हते. पण आज ऐकल्यावर गप्प राहिलो असतो, तर ते खोटेच.

मोडक्या कन्नडात मी सारे सांगितले. आस काढून टोक गोल घासावे लागेल, खर्च येईल. गुरुजी म्हणाले, "पगार झाल्यावर बघू," आणि घड्याळ घेऊन गेले. खोट तशीच राहिली, पण आता ती त्यांना ठाऊक होती.