सरासरी पाच, आणि चाळीस हजारांना शून्य

समजा, पावसाच्या तोंडावर मरोळमध्ये डेंग्यूबद्दल जाहिरात करायची आहे. लोक एक लाख, आणि पैसे तीन लाख वेळा जाहिरात दिसेल इतके. मग प्रत्येकाला तीनदा दाखवू, असं चटकन ठरतं. या तीनच्या आकड्याला हर्बर्ट क्रुगमन यांच्या १९७२ च्या लेखाने वजन दिलं. त्यांचं म्हणणं मात्र मनातल्या टप्प्यांबद्दल होतं. आधी माणसाला 'हे काय आहे' असा प्रश्न पडतो, मग 'याचं मला काय', आणि त्यानंतर दर वेळी नुसती आठवण होते. फलकाखालून दहादा गेलेला माणूस पहिल्या टप्प्यावरही पोहोचलेला नसू शकतो.

आता वाटप पाहू. मरोळ नाक्याला घाटकोपर-वर्सोवा मेट्रो आणि भुयारी मेट्रो दोन्ही थांबतात, म्हणून फलक तिथे लागतात. धरून चालू की रोज ये-जा करणाऱ्या दहा हजार जणांना जाहिरात पंधरा वेळा दिसली आणि पन्नास हजारांना तीनदा. तीन लाख संपले. अहवालात येईल : रीच साठ हजार, फ्रिक्वेन्सी सरासरी पाच. आकडा देखणा आहे, पण वस्तीत पिंपं भरून ठेवणाऱ्या घरांतले चाळीस हजार लोक त्यात नाहीत. पंधराचं पाचावर आणलं तर एक लाख वेळा वाचतात, आणि त्या चाळीस हजारांना प्रत्येकी दोन-तीनदा जाहिरात दिसू शकते. मोबाइलवर अशी मर्यादा घालता येते, तीही बऱ्याचदा माणसाला नाही, फोनला. फलकाला ती घालताच येत नाही. तिथले पैसे काढून गल्लीत न्यावे लागतात, आणि गल्लीतली प्रत्येक नजर महाग पडते.

तरीही मी रीचच्याच बाजूने आहे. साबणाची जाहिरात एका घराने पाहिली नाही तर एक गिऱ्हाईक जातं. डेंग्यूचा डास फार लांब उडत नाही, त्यामुळे एका घरातल्या उघड्या पिंपाचा ताप शेजारच्या चार घरांना होतो. गल्ली अर्धी सोडून चालत नाही.

राहिला प्रश्न जाहिरात तीन वेळा कधी दाखवायची याचा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणूनच भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करायला सांगतात. एकाच दिवशी तीनदा दाखवलेली जाहिरात पुढच्या आठवड्याला उपयोगी पडत नाही. पाऊस सुरू झाल्यावर लागोपाठ तीन आठवडे, आठवड्याला एकदा, असं मी वाटेन. संपूर्ण पावसाळा या पैशांत झाकला जाणार नाही, हे पैसे देणाऱ्याला आधीच सांगावं.

चौथ्या आठवड्यात गल्लीत जाऊन 'जाहिरात पाहिली का' असं विचारलं की बहुतेक जण हो म्हणतात. त्यापेक्षा पिंप शेवटचं कधी रिकामं करून घासलं ते विचारावं, आणि झाकण उचलून पाहावं.