कोणता इशारा जागा ठेवायचा?

2023 साली देशभरातल्या मोबाइलवर दूरसंचार विभागाचे चाचणी संदेश आले. फोन एकाएकी मोठ्याने वाजला, थरथरला आणि पडद्यावर ‘Emergency alert: Severe’ अशी अक्षरे उमटली. संदेशात तो चाचणीचा असल्याचे स्पष्ट लिहिले होते, तरी दचकलेल्या कितीतरी जणांनी सेटिंग शोधून ते बटण बंद करून टाकले. कोल्हापुरात राहणाऱ्याने तसे करण्याआधी थोडे थांबावे असे मला वाटते. कोणता आवाज बंद करायचा हे त्याच्या त्रासावरून ठरवले, तर नेमका कामाचा आवाज आधी बंद होतो.

हा संदेश मोबाइलचा टॉवर आपल्या कक्षेतल्या सगळ्या फोनना एकदम पाठवतो. त्याला आपला नंबर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. सगळे एकाच वेळी फोन लावू लागल्याने नेटवर्क तुंबले, तरी तो पोचू शकतो. अँड्रॉइडमध्ये ‘Wireless emergency alerts’ या नावाखाली त्याची बटणे असतात. तिथे पुष्कळ फोनमध्ये ‘Extreme’ आणि ‘Severe’ असे दोन वर्ग दिसतात. सर्वात मोठे संकट तेवढे ठेवू, दुसरे बंद करू, असा विचार सहज मनात येतो. पण चाचणीचा संदेशच ‘Severe’ या नावाने आला होता. ते बटण बंद करणाऱ्याने पुराचा खरा इशाराही बहुधा बंद केला, असे समजावे. चाचणीच्या संदेशांचे वेगळे बटण दिसत असेल तर ते खुशाल बंद करा. कंपन्यांच्या जाहिराती पडद्यावर उड्या मारतात त्या पुष्कळदा ‘SIM Toolkit’ मधून येतात. त्या तिथेच बंद कराव्यात, त्यांचा राग सरकारी इशाऱ्यावर काढू नये.

या व्यवस्थेची मर्यादाही आहे. टॉवर बंद पडला की संदेश नाही, फोन बंद असला तरी नाही. आणि कोल्हापूरच्या दृष्टीने सर्वात मोठी मर्यादा अशी, की टॉवरचा संदेश आपण उभे आहोत त्या जागेपुरता असतो. आपले संकट मात्र दुसरीकडे पडलेल्या पावसातून येते.

शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो. गगनबावड्यात त्याच्या पाचपट किंवा त्याहूनही जास्त. कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती यांचे पाणी पंचगंगेत येते ते त्या पश्चिमेकडच्या डोंगरातून. म्हणून शाहूपुरीत ऊन पडलेले असताना हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की लोक म्हणतात, ‘ह्यांचं काय खरं नसतं.’ अशा चार अलर्टनंतर पाचवा कुणी वाचतही नाही. वास्तविक अलर्ट पुष्कळदा घाटमाथ्यासाठी असतो, आणि ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांचा हवामान खात्याच्या हिशेबातला अर्थ आहे पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर. चोवीस तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की त्याला अत्यंत मुसळधार म्हणतात. तेवढा पाऊस राधानगरी-गगनबावड्याकडे झाला, तर दसरा चौकात एक थेंब न पडताही नदी चढते. शहरातल्या माणसाने आपल्या डोक्यावरच्या पावसाचा यलो अलर्ट बंद ठेवला तरी फार बिघडत नाही. घाटाचा ऑरेंज आणि रेड मात्र त्याने चालू ठेवायलाच हवा.

त्यापुढचा इशारा नदीचा. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या पुढे गेले. पावसाळ्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडून पातळी, धरणांचा विसर्ग आणि पाण्याखाली गेलेले बंधारे यांचे आकडे येत राहतात. मला विचाराल तर कोल्हापूरकराच्या फोनवर सर्वात मोलाची गोष्ट हीच आहे, आणि ती बहुतेकांकडे म्यूट केलेल्या एखाद्या ग्रुपवर शुभेच्छांच्या ढिगाखाली पडलेली असते. ग्रुप म्यूटच राहू द्या. पातळीची बातमी मात्र अधिकृत ठिकाणाहून थेट घ्या. वेळ आणि तारीख नसलेला आकडा धरूच नका. कालचे 41 फूट आज फिरत आले, तर पाणी उतरत असताना घर सोडावे लागेल किंवा चढत असताना माणूस निर्धास्त बसेल.

राधानगरीच्या बातमीचे वेगळेपण समजून घ्यायला हवे. त्या धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव 347.50 फुटांना भरला की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून 1428 क्युसेक पाणी सुटते. एक दरवाजा उघडला म्हणून शहर बुडत नाही. सातही उघडले तर सुमारे दहा हजार क्युसेक होतात, आणि धरणाखाली पडणाऱ्या पावसाला अडवणारे काहीच नसते. म्हणून ‘दरवाजा उघडला’ ही सूचना एकटी वाचून घाबरण्यात अर्थ नाही. किती दरवाजे, घाटात पाऊस अजून चालू आहे का आणि राजाराम बंधाऱ्यावर तासाला किती इंच वाढ आहे, हे तीन प्रश्न एकत्र विचारले तरच तिचा उपयोग.

आता राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट हा धोक्याचा एकच आकडा असला, तरी धोका प्रत्येकाला त्याच पातळीला गाठत नाही. दसरा चौकाजवळचा सुतारवाडा शहरात सर्वांत आधी हलवावा लागतो. शाहूपुरीत पाणी नदीकडून सरळ न येता जयंती नाल्यातून मागे फुगत येते. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीची गोष्ट आणखी वेगळी. तिथे घरात पाणी शिरण्याआधी रस्ता बुडतो, आणि गोठ्यातली जनावरे रात्रीच्या अंधारात पाण्यातून बाहेर काढता येत नाहीत. सुतारवाड्यातल्या माणसाने घरात पाणी येण्याचा आकडा धरावा, चिखलीतल्या शेतकऱ्याने रस्ता बंद होण्याचा. आपल्या आकड्याच्या चार फूट खाली पातळी आली की रात्रीही फोनचा आवाज चालू ठेवायचा. त्याच्या बरीच खाली असताना सकाळ-संध्याकाळ एकदा पाहिले तरी पुरते. सतत वाजणाऱ्या फोनपेक्षा असा नेम जास्त टिकतो, कारण त्यात प्रत्येक सूचनेपाठोपाठ काय करायचे ते आधी ठरलेले असते.

ही निवड वर्षभर एकच ठेवण्याचेही कारण नाही. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या दिवसांत धोका विजेचा असतो. तेव्हा शेतात काम करणाऱ्याने पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप चालू ठेवावे. ते आसपासच्या वीस आणि चाळीस किलोमीटरमधल्या विजांची सूचना देते. जुलैत त्याची गरज कमी होते आणि घाटाचा पाऊस, नदीची पातळी यांना जागा करून द्यावी लागते. शिरोळच्या माणसाने तेव्हा पंचगंगेबरोबर कृष्णेचीही पातळी आणि कोयनेचा विसर्ग पाहायला हवा. नृसिंहवाडीला दोन्ही नद्या एकत्र येतात, त्यामुळे पंचगंगा उतरू लागली एवढ्यावर त्याला झोपता येत नाही.

वाचकांना एकच सांगणे आहे. पाऊस लागण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोन हातात घ्या. बहुतेकदा ‘कटकट नको’ म्हणून नातवंडांनी सगळेच बंद करून दिलेले असते. तिथे ‘Severe’ चालू करा. गल्लीत 2019 आणि 2021 पाहिलेल्या शेजाऱ्यांना विचारून आपला फुटांचा आकडा घरात लिहून ठेवा. आणि प्रशासनाला विनंती आहे, की पुराचा संदेश पाठवताना ‘सतर्क राहावे’ एवढ्यावर थांबू नये. राजाराम बंधाऱ्यावरची पातळी, ती मोजल्याची वेळ आणि पाणी चढते आहे की उतरते आहे, या तीन गोष्टी मराठीत त्या संदेशात असाव्यात.