कडेचा कोंडा

नायट्याचा चट्टा पाहताना नजर आधी त्याच्या मध्यावर जाते. बुरशी मात्र तिथून बहुधा पुढे सरकलेली असते. मधली कातडी निवळत जाते आणि वाढ चालते ती बाहेरच्या लालसर, किंचित उंच, कोंडा सुटणाऱ्या कडेवर. केओएच तपासणीत काय दिसणार, हे पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाजवळ पोहोचण्याआधीच, पातं कुठे टेकवलं यावर ठरून गेलेलं असतं.

नखाचं तर हे अधिकच खरं. एका गृहस्थांच्या पायाच्या अंगठ्याचं नख जाड, पिवळट आणि भुसभुशीत झालं होतं. आधीच्या एका तपासणीत ‘बुरशी आढळली नाही’ असा निष्कर्ष आला होता, कारण तेव्हा नखाचं फक्त पुढचं टोक कापून पाठवलं होतं. त्या टोकात जुना, मेलेला चुरा साठतो. नखाखालून आत शिरणारी बुरशी जिवंत सापडते ती आतल्या बाजूला, खराब भाग संपून निरोगी नख सुरू होतं तिथे. म्हणून दुसऱ्या वेळी नख ७० टक्के अल्कोहोलने पुसून घेतलं, म्हणजे मलम आणि धूळ निघून जाते. सुटं झालेलं टोक कापून बाजूला टाकलं, आणि नखाखालचा भुगा छोट्या क्युरेटने शक्य तितक्या आतून खरवडून घेतला.

पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं काम केराटिन मऊ करून विरघळवण्याचं. कातडीच्या आणि नखाच्या पेशी त्यात फुगून पारदर्शक होतात. बुरशीची भिंत कायटिन आणि ग्लुकानची असल्यामुळे ती बराच वेळ टिकते आणि उठून दिसते. कातडीच्या कोंड्याला १० टक्के द्रावण पुरतं, म्हणजे १० ग्रॅम पोटॅश पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलीटर करायचं. नखाला २० टक्के किंवा त्याहून तीव्र लागतं. पोटॅश विरघळताना द्रावण चांगलंच तापतं, म्हणून त्याचे खडे थोडे थोडे करून पाण्यात टाकावेत. बाटली प्लास्टिकची आणि घट्ट झाकणाची हवी, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून द्रावण कमजोर होत जातं.

कोंडा स्लाइडवर पातळ पसरून त्यावर एक थेंब टाकावा, कव्हरस्लिप ठेवावी आणि १० ते २० मिनिटं थांबावं. घाई असेल तर स्लाइड ज्योतीवरून हलकेच फिरवतात, पण उकळी आली की पोटॅशचे स्फटिक जमतात आणि सगळं दृश्य बिघडतं. नखाचा भुगा मी लहान नळीत द्रावण घालून झाकून रात्रभर ठेवतो. वाट पाहण्याचा तो वेळ वाया जात नाही. कच्चं नख अपारदर्शक राहतं आणि त्यामागचे तंतू दडून जातात.

सकाळी त्यातला मऊ झालेला अंश स्लाइडवर घेऊन कव्हरस्लिप हलकी दाबायची. बाहेर आलेलं द्रावण टिपकागदाने शोषून घ्यायचं, नाहीतर ते भिंगाला लागून भिंग खराब होतं. मग कंडेन्सर खाली, डायफ्रॅम अर्धवट बंद. प्रखर उजेडात हे रंगहीन तंतू अक्षरशः नाहीसे होतात. आधी दहाच्या भिंगाखाली सगळी स्लाइड चाळायची, संशय आला की चाळीसचं भिंग लावायचं.

त्या गृहस्थांच्या नखात एकसारख्या जाडीचे, समांतर कडांचे, फांद्या फुटलेले तंतू दिसले. त्यांत आडवे पडदे होते, आणि काही तंतू तुटून चौकोनी कणांच्या माळा झाल्या होत्या. डर्माटोफाइट बुरशीची ही खूण. कळ्या फुटलेल्या गोल पेशी आणि लांबट पेशी जोडून झालेले खोटे तंतू असते, तर विचार कॅन्डिडाचा झाला असता.

फसवतं ते पेशींच्या सीमांवर जमणारं जाळं. ते फरशीच्या सांध्यांसारखं पेशींच्या कडेकडेनेच जातं आणि त्याची जाडी सतत बदलते. खरा तंतू सीमा ओलांडून पेशींवरून सरळ पार होतो. कापसाचा धागा जाड आणि पिळलेला असतो, त्यात पडदे नसतात. शंका उरली तर स्लाइड आणखी थोडा वेळ ठेवून पुन्हा पाहावी.

एवढं दिसलं तरी बुरशीची जात कळत नाही, आणि ती जिवंत आहे की औषधाने मेलेली, हेही कळत नाही. त्यासाठी त्याच भुग्यातला थोडा भाग द्रावणात घालण्यापूर्वीच सबुरो माध्यमावर पेरून ठेवावा लागतो आणि साधारण चार आठवडे वाट पाहावी लागते. नखाच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात, आणि सोरायसिसचं नखही असंच जाड, पिवळं दिसू शकतं. म्हणून एका नमुन्यात काही आढळलं नाही, पण नख बुरशीचंच वाटत असेल, तर मी डॉक्टरांना पुन्हा नमुना मागतो, या वेळी आणखी आतून घेतलेला.