झाकलेला शब्द आणि बांधील अंदाज

भाषा-मॉडेलांविषयीच्या लेखनात एक विभागणी इतक्या वेळा येते की ती सिद्ध झाल्यासारखीच वागवली जाते. बर्टसारखी मॉडेले शब्दाच्या दोन्ही बाजू पाहतात म्हणून त्यांना मजकूर ‘समजतो’, आणि जीपीटीसारखी मॉडेले केवळ मागचे शब्द पाहतात म्हणून ती मजकूर ‘रचतात’, अशी ही विभागणी आहे. ती लक्षात ठेवायला सोपी आहे आणि पूर्णपणे खोटीही नाही. परंतु दोन प्रशिक्षणपद्धतींमधला जो खरा भेद आहे तो तिच्यामुळे झाकला जातो. तो भेद मॉडेल कोणत्या दिशेने पाहते यात नसून, त्याचे वेगवेगळे अंदाज एकमेकांना बांधलेले असतात की सुटे असतात, यात आहे.

पूर्व-प्रशिक्षण म्हणजे विशिष्ट कामासाठी घडवण्याआधी मॉडेलला प्रचंड मजकुरावर एकच साधा प्रश्न पुन्हापुन्हा विचारणे. त्यासाठी मजकुराचे टोकन पाडले जातात. टोकन म्हणजे कधी पूर्ण शब्द, तर कधी शब्दाचा तुकडा. २०१८ साली गूगलच्या जेकब डेव्हलिन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या बर्टमध्ये यांतील १५ टक्के टोकन निवडले जातात. निवडलेल्यांपैकी ८० टक्क्यांच्या जागी [MASK] ही खूण ठेवली जाते, १० टक्क्यांच्या जागी भलताच टोकन बसवला जातो, उरलेले १० टक्के आहेत तसेच राहतात, आणि निवडलेल्या प्रत्येक जागी मूळ टोकन कोणता होता हे मॉडेलने सांगायचे असते. यालाच मास्क्ड लँग्वेज मॉडेलिंग म्हणतात. दुसऱ्या पद्धतीत काहीही झाकले जात नाही. प्रत्येक जागी, आतापर्यंतचे टोकन पाहून पुढचा टोकन ओळखायचा असतो. दोन्ही कल्पना संगणकीय भाषाशास्त्राच्या आजच्या लाटेपेक्षा कितीतरी जुन्या आहेत. पुढचे अक्षर ओळखण्याचा खेळ क्लॉड शॅननने १९५१ मध्ये इंग्रजीच्या मोजमापासाठी वापरला, तर गाळलेला शब्द भरण्याची चाचणी विल्सन टेलरने १९५३ मध्ये मजकुराची सुबोधता तपासण्यासाठी मांडली.

भेद कुठे आहे हे पाहण्यासाठी एक मराठी वाक्य पुरेसे आहे. ‘काल [MASK] बाजारात [MASK].’ या वाक्यात दोन जागा झाकलेल्या आहेत असे समजावे, आणि सोयीसाठी पहिल्या जागी ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि दुसऱ्या जागी ‘गेला’ किंवा ‘गेली’ एवढेच पर्याय सारख्या प्रमाणात शक्य आहेत असे मानावे. मास्क पद्धतीने शिकलेले मॉडेल पहिल्या जागेसाठी अर्धे-अर्धे सांगेल, दुसऱ्या जागेसाठीही अर्धे-अर्धे सांगेल, आणि दोन्ही उत्तरे अगदी बरोबर असतील. तरीही या दोन उत्तरांतून स्वतंत्रपणे एकेक शब्द उचलला, तर दर चार वेळांपैकी सरासरी दोन वेळा ‘मुलगा गेली’ किंवा ‘मुलगी गेला’ असे वाक्य हाती येते. मॉडेलला लिंगवचनाची जुळणी ठाऊक नाही असे मुळीच नाही. एक जागा उघडी केली तर दुसरी ते अचूक भरेल. दोष प्रश्नाच्या रचनेत आहे, कारण एकाच वेळी झाकलेल्या जागांबद्दलचे अंदाज परस्परांना न विचारता दिले जातात आणि प्रशिक्षणात त्यांचे गुणही वेगवेगळे मोजले जातात. पुढचा टोकन ओळखणाऱ्या मॉडेलपुढे हा प्रश्न येतच नाही. ते आधी ‘मुलगी’ निवडते, आणि ती निवड समोर ठेवूनच क्रियापदापर्यंत पोहोचते. म्हणून ‘गेली’ची शक्यता तिथे जवळजवळ एक होते.

या फरकामागे संभाव्यतेचा एक प्राथमिक नियम आहे. पूर्ण वाक्याची शक्यता म्हणजे पहिल्या शब्दाची शक्यता, गुणिले पहिला दिला असता दुसऱ्याची, गुणिले पहिले दोन दिले असता तिसऱ्याची, असा गुणाकार. पुढचा टोकन ओळखण्याच्या प्रशिक्षणात नेमक्या याच पायऱ्यांचे गुण मोजले जातात, त्यामुळे त्यांची बेरीज ही पूर्ण वाक्याच्या शक्यतेचे लॉगरिदम असते. एकही पायरी दोनदा मोजली जात नाही आणि एकही सुटत नाही. मास्कच्या अंदाजांचा असा गुणाकार करता येत नाही. येथे पहिल्या प्रकारच्या अंदाजाला बांधील आणि दुसऱ्याला सुटा म्हटले आहे.

आता ‘समजण्या’चा दावा तपासता येईल, आणि तो नीट तपासायला हवा, कारण त्यातला सत्यांश त्याला फाजील बळ देतो. ‘मान’ या शब्दाने सुरू होणारी ‘मान मिळाला’ आणि ‘मान मोडली’ ही दोन वाक्ये घेतली, तर डावीकडून वाचणाऱ्या मॉडेलला ‘मान’ या जागेवर असताना प्रतिष्ठा अभिप्रेत आहे की शरीराचा अवयव, हे कळणे शक्यच नाही, आणि बर्टला ते त्याच जागी कळते. म्हणून प्रत्येक शब्दावर शिक्का मारण्याचे काम असेल, उदाहरणार्थ व्यक्तिनाम, स्थलनाम किंवा शब्दाची जात ओळखणे, तर दोन्ही बाजू पाहण्याचा लाभ खरा आहे. पण यावरून एकदिशा मॉडेलला वाक्य समजत नाही असा निष्कर्ष निघत नाही. ‘मिळाला’ या जागेवर पोहोचल्यावर त्याच्यापुढे संपूर्ण वाक्य असते, आणि प्रश्न मजकुराच्या शेवटी ठेवला तर प्रश्नाच्या जागेवरून मागचे सारे काही दिसते. समज एका विशिष्ट शब्दाच्या जागी साठवलेली नसते, पुढच्या जागी साठवलेली असते. हा सोयीचा फरक आहे, आकलनाच्या असण्या-नसण्याचा नव्हे.

उलट दिशेनेही हा दावा टिकत नाही. डावीकडून लिहिणाऱ्या मॉडेलला मधली जागा भरता येत नाही, असे म्हटले जाई. २०२२ मध्ये ओपनएआयच्या संशोधकांनी त्यावर जो उपाय मांडला तो थक्क करण्याइतका साधा आहे: प्रशिक्षणाच्या काही मजकुरांतून मधला भाग उचलून, खुणेसह, शेवटी ठेवायचा. मग मॉडेल सुरुवात आणि शेवट दोन्ही वाचून घेते आणि मधला भाग नेहमीप्रमाणे एकेक टोकन करत लिहिते. प्रोग्राम लिहिण्याच्या साधनांना हे हवेच असते, कारण तिथे कर्सर बहुधा मध्येच असतो. मॉडेलने दोन्ही बाजू पाहिल्या, प्रशिक्षणाचा प्रश्न मात्र तसूभर बदलला नाही. दिशा हाच जर मूळ भेद असता, तर केवळ तुकड्यांची अदलाबदल करून तो मिटला नसता.

‘रचण्या’च्या बाजूने तर याहून निर्णायक पुरावा उपलब्ध आहे. मास्कवर शिकलेले मॉडेल मजकूर रचू शकत नाही हे विधान, मास्क्ड डिफ्यूजन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मॉडेलांनी निकालात काढले आहे. २०२५ मध्ये चीनमधील संशोधकांनी मांडलेले सुमारे ८०० कोटी पॅरामीटरचे लाडा हे मॉडेल त्यांपैकीच एक. तेही बर्टप्रमाणे दोन्ही बाजू पाहते आणि झाकलेले टोकन ओळखते. बदल होतो तो झाकण्याच्या प्रमाणात: १५ टक्क्यांवर न थांबता प्रत्येक वेळी शून्य ते शंभर टक्के यांमधले एखादे प्रमाण यदृच्छेने निवडले जाते, आणि त्या प्रमाणाने भागून गुण मोजले जातात. असे भारित गुण सरासरीने घेतले की ते पूर्ण मजकुराच्या शक्यतेशी गणिती मर्यादेने जोडले जातात, म्हणजे मॉडेलने मजकुराला दिलेली शक्यता किमान किती हे त्यातून सांगता येते. दिशा तीच राहिली, झाकणेही तेच राहिले. अंदाज संपूर्ण वाक्याच्या हिशेबाला बांधले गेले, आणि रचना शक्य झाली. एवढेच नव्हे, तर लिहिताना हे मॉडेल पूर्ण झाकलेल्या मजकुरापासून सुरू होऊन टप्प्याटप्प्याने जागा उघडते, आणि घाईने एका टप्प्यात अनेक जागा एकदम उघडल्या तर ‘मुलगा गेली’ हाच दोष पुन्हा डोके वर काढतो, कारण त्या टप्प्यापुरते अंदाज पुन्हा सुटे झालेले असतात. टप्पे वाढवले की दोष ओसरतो. वेग आणि सुसंगती यांच्यातली ही ओढाताण दिशेच्या भाषेत समजावून सांगताच येत नाही.

[MASK] ही खूण प्रत्यक्ष वापरात कधीच येत नाही, हाच बर्टचा मूळ दोष, या आक्षेपाला फार जागा देण्याचे कारण नाही: २०२० च्या इलेक्ट्रा या कामातील तुलनांत ती विसंगती दूर केल्याने मिळणारा लाभ अल्प दिसला, आणि मोठा लाभ १५ टक्क्यांऐवजी सर्वच जागांवरून शिकण्यातून आला. ५१२ टोकनांच्या मजकुरात बर्टला सुमारे ७७ जागांचाच धडा मिळतो हे ध्यानात घेतले, तर यात आश्चर्य नाही. मास्क पद्धत कालबाह्य झाली असे म्हणणाऱ्यांनी शोधयंत्रे आणि वर्गीकरणाची यंत्रणा आतून पाहावी. पुण्यातील एलथ्रीक्यूबने २०२२ मध्ये मराठी मजकुरावर घडवलेले महाबर्टही वर्गीकरण आणि नामनिर्देश ओळखणे अशाच कामांसाठी उपयोगी पडते.

सुटा अंदाज वाईट असतो असे येथे म्हणायचे नाही. शब्दावर शिक्का मारताना किंवा वाक्याचे गणिती रूप काढताना वाक्याची शक्यता कोणी विचारत नाही, आणि तिथे बांधीलपणाची किंमत मोजण्याचे कारण नसते. अडचण येते ती सुट्या अंदाजांना बांधील समजून वापरले जाते तेव्हा, आणि हे सहज घडते. वाक्य कितपत स्वाभाविक आहे हे बर्टला विचारायचे असेल तर प्रत्येक टोकन आळीपाळीने झाकून, मिळालेल्या शक्यतांचे लॉगरिदम मिळवण्याची पद्धत रूढ आहे. समजा ‘पंढरपूर’ हा शब्द ‘पंढ’ आणि ‘रपूर’ अशा दोन टोकनांत फुटला. पहिला झाकला तर दुसरा त्याची चुगली करतो, दुसरा झाकला तर पहिला करतो, त्यामुळे दोघांनाही जवळजवळ पूर्ण गुण मिळतात. वाक्यात या जागी पंढरपूर येईल अशी अपेक्षा मॉडेलला मुळीच नसली, तरी हिशेबात मात्र तो शब्द जणू अटळ ठरतो, आणि दुर्मीळ नावांनी भरलेले वाक्य साध्या वाक्यापेक्षा स्वाभाविक दिसू लागते. बांधील हिशेबात ‘पंढ’ला आधी आपली शक्यता स्वतःच्या बळावर मिळवावी लागते, आणि त्यानंतरच ‘रपूर’ स्वस्तात मिळतो. मास्क मॉडेलने दिलेले असे गुण हाती आले, तर अनेक तुकड्यांत फुटणारे शब्द वेगळे काढून, एका शब्दाचे सर्व तुकडे एकदम झाकून पुन्हा मोजावे. पहिल्या आणि दुसऱ्या मोजणीत जेवढी तफावत निघेल, तेवढा भाग वाक्याविषयीच्या मॉडेलच्या अपेक्षेचा नसून एका तुकड्याने दुसऱ्याविषयी दिलेल्या माहितीचा असतो.