कागद नसलेल्या इमारतीला काय विचारायचे?

डोंबिवली पूर्वेच्या एखाद्या जुन्या सोसायटीत स्ट्रक्चरल ऑडिटसाठी इंजिनिअर येतो, तेव्हा त्याची पहिली मागणी बहुधा व्यर्थ जाते. तो मूळ आर.सी.सी. नकाशे मागतो. सेक्रेटरी कपाटातून मंजूर आराखड्याची धूसर झेरॉक्स काढतात. तीत खोल्या दिसतात, जिना दिसतो; पण खांबात सळया किती आणि कोणत्या, याचा पत्ता नसतो. बिल्डर हयात नसतो, त्याचा आर.सी.सी. कन्सल्टंट कोण होता हे कोणाला आठवत नाही. ठाणे महापालिका १९८२ साली स्थापन झाली आणि कल्याण-डोंबिवलीची १९८३ साली. त्याआधीच्या बांधकामांच्या फायली नगरपालिकेच्या काळातल्या. तरीही कायदा थांबत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षांवरील इमारतीचे ऑडिट करून घ्यावेच लागते. म्हणजे माहिती अपुरी असताना मत द्यायचे आहे आणि त्या मतावर पंधरा-वीस कुटुंबांचे घर अवलंबून आहे.

अशा वेळी इंजिनिअरपुढे दोन वाटा असतात. विचारायचे, किंवा गृहीत धरून पुढे जायचे. सगळेच विचारत बसले तर ऑडिट कधी संपणार नाही, आणि सगळेच गृहीत धरले तर ते ऑडिट उरणार नाही. कोणती गोष्ट कोणत्या वाटेने जावी, हे ठरवण्याचा निकष गणितातच सापडतो.

समजा, १९८६ साली बांधलेली तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत आहे. तिचा एक मधला खांब घेऊ: २३० बाय ४५० मिलिमीटर. त्याच्या वाट्याला प्रत्येक स्लॅबचे सव्वाबारा चौरस मीटर क्षेत्र येते. गच्ची धरून स्लॅब चार. स्लॅब, बीम, भिंती, फरशी आणि माणसे-सामान असे सगळे मिळून चौरस मीटरला ढोबळ १,२०० किलो धरले, तर खांबावर सुमारे ५९ टन येतात. संकेतानुसार त्याला दीडने गुणायचे, म्हणजे ८८ टन. आता खांबाची ताकद. काँक्रीट एम-१५ आणि १६ मिलिमीटरच्या सहा पिळाच्या सळया (कारागिरांच्या भाषेत ‘टॉर’) असे धरले, तर आयएस ४५६ च्या सूत्राने ती सुमारे ९५ टन निघते. भूकंपाचा हिशेब बाजूला ठेवून, निव्वळ उभ्या भारापुरता, खांब पास झाला.

या हिशेबात गृहीतके बरीच आहेत. आता एकेक हलवून बघू.

घरातले सामान आणि माणसे यांचा भार आयएस ८७५ ने राहत्या खोल्यांसाठी चौरस मीटरला २०० किलो ठरवून दिला आहे. कोणाकडे किती कपाटे आहेत, फ्रिज केवढा आहे, हे दारोदार विचारत फिरायची गरज नाही. हा आकडा निःशंक धरावा, अहवालात एका ओळीत नोंदवावा आणि पुढे जावे. अपवाद फक्त तळमजल्यावर गोदाम किंवा वरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये क्लास, ग्रंथालय, पिठाची गिरणी असेल तर.

सळयांचे मात्र तसे नाही. त्याच १६ मिलिमीटरच्या सहा सळया पिळाच्या नसून साध्या गोल निघाल्या, तर खांबाची ताकद ९५ वरून ८२ टनांवर येते. लागतात ८८. एका तपशिलाने निकाल उलटला. हा तपशील मिळवायला काय लागते? छिन्नी-हातोडा, एक गवंडी आणि तासाभराचे काम. खांबाचे वरचे आवरण तेवढ्या जागी फोडायचे आणि सळई बघायची. पिळाची सळई डोळ्यांना लगेच ओळखू येते. जे गृहीतक निकाल फिरवू शकते आणि ज्याचे उत्तर तासाभरात मिळते, ते गृहीत धरण्याला कसलेच समर्थन नाही.

काँक्रीटचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे विचारण्यालाच किंमत पडते. आपल्या उदाहरणातले काँक्रीट एम-१५ ऐवजी सुमारे १३.४ च्या खाली गेले की खांब नापास होतो. हातोडीसारखा रिबाउंड हॅमर मारून मिळणारे आकडे स्वस्त असतात, पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कडक झालेला असतो आणि हॅमर ताकद फुगवून सांगतो. खरे उत्तर कोअर काढून मिळते. पण २३० मिलिमीटर रुंदीच्या खांबात ७०-७५ मिलिमीटर व्यासाचे भोक पाडायचे म्हणजे ज्याची प्रकृती तपासायची त्यालाच जखम करायची. म्हणून जाणता इंजिनिअर आधी कव्हरमीटरने सळया कुठे आहेत ते शोधतो, अल्ट्रासोनिक चाचणीने सगळे खांब चाळून घेतो, मोजक्या जागी कोअर काढतो, भोक त्याच दिवशी भरून घेतो, आणि उरलेल्या खांबांबाबत तेवढ्या पुराव्यावर गृहीतक मांडतो. हे पूर्ण विचारणेही नव्हे, पूर्ण गृहीत धरणेही नव्हे.

आता गच्चीवर जाऊ. या पट्ट्यात पावसाळ्यात गच्ची गळते आणि गळली की सोसायटी कोबा घालते. जुना कोबा फोडायला खर्च आणि धूळ, म्हणून नवा थर जुन्यावरच बसतो. विटांच्या तुकड्यांचा दहा सेंटिमीटरचा कोबा चौरस मीटरला जवळपास २०० किलो भरतो. म्हणजे एका थराने गच्चीवर, कायमचा, एका राहत्या खोलीइतका भार वाढला. आपल्या खांबाच्या वाट्याला दीडपटीने तो पावणेचार टन येतो. एक जादा थर असेल तर ८८ चे ९२ होतात. खांब तग धरतो. दोन असतील तर ९५ च्या वर जातात आणि नापास होतो. स्वतंत्रपणे पाहिले तर निरुपद्रवी वाटणारी गोष्ट दुसऱ्यांदा धोकादायक ठरते. त्यामुळे प्रत्येक गृहीतक एकेकटे तपासून भागत नाही. सगळी एकाच वेळी वाईट बाजूला झुकली तर काय होईल, हेही मांडून बघावे लागते.

कोब्याचा प्रश्न माणसांना विचारता येतो, पण नीट विचारला तरच. ‘इमारतीत काही बदल केलेत का?’ या प्रश्नाला ‘नाही हो, काही नाही’ असेच उत्तर येते. त्यात खोटेपणा नसतो. बाल्कनी आत घेणे, पोटमाळा बांधणे, बाथरूम हलवणे यांना कोणी ‘बदल’ समजतच नाही. ‘गच्चीचे वॉटरप्रूफिंग कोणकोणत्या वर्षी झाले?’ असे विचारले की पहिल्या मजल्यावरचे आजोबा वर्षे मोजून सांगतात, आणि सोसायटीच्या जुन्या हिशेबवहीत ती बिलेही सापडतात. ‘तुमच्या फ्लॅटमध्ये जुन्या फरशीवर नवी बसवली की जुनी काढली?’ हा प्रश्नही असाच. फरशीवर फरशी, खाली मसाला, असे सहा सेंटिमीटर धरले तर चौरस मीटरला सव्वाशे किलोच्या आसपास वाढतात.

फरशीचा विषय इथे उगाच आलेला नाही. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचे काम चालू असताना तिथला स्लॅब कोसळला आणि खालच्या मजल्यांचे स्लॅब फोडत गेला. सहा जणांचा जीव गेला. फरशी बदलणे हे घरमालकाला रंगकामासारखे किरकोळ वाटते. स्लॅब किती जाडीचा आहे, त्याच्या सळया गंजल्या आहेत का, ब्रेकरची थरथर तो सोसेल का, हे त्या कामाआधी कोणी विचारावे अशी आपल्याकडे रीतच नाही. ती पडायला हवी.

जिथे माहिती नाही तिथे सरळ वाईटात वाईट धरावे, म्हणजे कोणी मरणार नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते. ऐकायला हे जबाबदारीचे वाटते. जुन्या इमारतींच्या भूकंप-मूल्यांकनासाठी असलेल्या आयएस १५९८८ (२०१३) या मार्गदर्शिकेने अज्ञानाला आकडाच दिला आहे: नकाशे आणि चाचण्या दोन्ही हाताशी असतील तर गुणक १, आणि तपशिलांची माहिती जवळपास नसेल तर ०.५. म्हणजे तोच खांब, तेच काँक्रीट. पण कोणी पाहिले नाही म्हणून त्याची हिशेबातली ताकद निम्मी. ही पद्धत प्रामाणिक आहे, कारण ती न विचारण्याची किंमत उघड करते. मात्र ती किंमत इंजिनिअर भरत नाही. इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरली की ती रिकामी करून पाडायची असते. सी-२ अ असेल तर रिकामी करून दुरुस्ती, सी-२ ब असेल तर राहत्या लोकांसह दुरुस्ती, सी-३ असेल तर किरकोळ डागडुजी. पागडीच्या इमारतीतल्या भाडेकरूसाठी सी-१ आणि सी-२ ब यांतले अंतर म्हणजे घर जाणे आणि घर राहणे यांतले अंतर आहे. दोन खांब फोडून बघण्याचा त्रास वाचवण्यासाठी कोणी ‘सुरक्षित’ गृहीतक धरले, तर तो अन्याय आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

उलट बाजूही आहे. खांबाला उभी भेग गेली आहे, आवरण फुगून गळून पडते आहे, दारे अचानक घट्ट बसू लागली आहेत, तेव्हा कोअरच्या अहवालाची वाट बघायची नसते. २०१५ च्या पावसाळ्यात २८ जुलैला ठाकुर्लीत मातृछाया इमारत कोसळून नऊ जण गेले, आणि आठवड्याभरात, ४ ऑगस्टला, ठाण्यात नौपाड्याची कृष्णा निवास पडून बारा जण गेले. अशी लक्षणे दिसली की वाईटात वाईट धरायचे, लोकांना त्याच रात्री बाहेर काढायचे, टेकू लावायचे आणि मग चाचण्या करायच्या. इथे गृहीतक चुकले तर लोक आठ दिवसांनी घरी परततात. ते न धरता चुकले तर कोणी परतत नाही. इमारत पाडण्याचा निर्णय मात्र मागे घेता येत नाही, म्हणून त्याआधी विचारण्याचे ओझेही तितकेच मोठे.

राहिला प्रश्न गृहीतक लिहायचे कसे याचा. ‘काँक्रीट व लोखंड समाधानकारक असल्याचे गृहीत धरले आहे’ या वाक्याने कोणाचेच भले होत नाही. याउलट हे बघा: ‘खांब ७ व १२ उघडून पाहिले, १६ मिमीच्या सहा पिळाच्या सळया आढळल्या. उर्वरित खांबांत तशाच असल्याचे गृहीत धरले आहे. साध्या सळया आढळल्यास खांबाची क्षमता ९५ वरून ८२ टन होईल व तो अपुरा ठरेल. दुरुस्तीच्या वेळी आवरण काढताच खात्री करावी.’ यात काय पाहिले, काय पाहिले नाही, चुकल्यास काय होईल आणि ते कधी कळेल, हे चारही आहे. अशा ओळी मालकाच्या आणि भाडेकरूंच्या अहवालांत तफावत आली की उपयोगी पडतात. मुंबईपुरते २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने अशा वादांसाठी तांत्रिक सल्लागार समितीची वाट आखून दिली. पण दोन इंजिनिअरांनी काय गृहीत धरले हेच लिहिलेले नसेल, तर कोणतीही समिती दोन सह्यांची तुलना कशी करणार?

म्हणून सोसायटीच्या सभेत ऑडिट अहवाल येईल तेव्हा शेवटच्या पानावरचा शिक्का बघण्याआधी गृहीतकांचे पान मागा. ते नसेल, तर अहवाल स्वीकारू नका आणि बिलाचा शेवटचा हप्ता थांबवून इंजिनिअरला ते लिहून द्यायला सांगा.