कुठला कागद कुठे

आर. के. पुरममध्ये दोन सरकारी कार्यालयं एकमेकांपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहेत. रिंग रोडच्या बाजूला भिकाजी कामा प्लेसमध्ये, हुडको त्रिकूट इमारतीत, पासपोर्ट कार्यालय आहे. भारतीय नागरिक तिथे पासपोर्ट काढायला जातात. सेक्टर एकमध्ये ईस्ट ब्लॉक आठला परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं कार्यालय आहे. सगळे त्याला एफआरआरओ म्हणतात. अनेक वर्षं मी या दोन्हींच्या मधून भाजी आणायला जात आले आणि त्यांच्यात काही नातं असेल असं मला कधी वाटलं नाही. माझ्या मावसभावामुळे ते लक्षात आलं.

तो मूळचा पुण्याचा, वीस वर्षं न्यू जर्सीत. मावशी माझ्याकडे दिल्लीत राहायची. एका वसंतात त्याने अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली आणि महिन्याभराने अमेरिकन पासपोर्ट हातात आला. भारतीय पासपोर्टची मुदत अजून सहा वर्षं बाकी होती, म्हणून तो कपाटात तसाच राहिला. ओसीआय कार्डाचा अर्ज करायचा होता, पण त्याआधी जुना पासपोर्ट रद्द करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं लागतं. ते काम ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणत राहिलं. तेवढ्यात मावशीला पक्षाघाताचा झटका आला.

रात्री त्याचा फोन आला. “ताई, उद्याचं तिकीट मिळतंय. व्हिसा काढत बसलो तर तीन दिवस जातील. जुन्या पासपोर्टवर येतो. येताना भारतीय दाखवीन, जाताना अमेरिकन. लोक करतात गं हे.”

लोक करतात हे खरं आहे. त्यात नेमकं काय होतं ते त्या रात्री आम्ही दोघांनी फोनवरच पायरी पायरीने मांडून पाहिलं.

नेवार्कला विमान कंपनीच्या काउंटरवर एकच गोष्ट बघतात: उतरायच्या देशात याला प्रवेश आहे का? भारतीय पासपोर्ट दाखवला तर व्हिसाचा प्रश्नच येत नाही, बोर्डिंग पास मिळतो. अमेरिकन कायद्याप्रमाणे मात्र अमेरिकन नागरिकाने देशाबाहेर पडताना आणि परत येताना अमेरिकन पासपोर्टच वापरायचा असतो. म्हणजे पहिला नियम नेवार्कलाच मोडतो. तिथे बाहेर जाणाऱ्याचा शिक्का मारणारा अधिकारी नसतो, म्हणून ते जाणवत नाही इतकंच. दिल्लीला उतरल्यावर भारतीय पासपोर्टवर आगमनाचा शिक्का बसतो. इथवर सगळं सुरळीत.

अडचण परतताना येते. दिल्लीत विमान कंपनीचा माणूस आता अमेरिकेत जायचा अधिकार मागतो. ग्रीन कार्ड शपथविधीच्या दिवशीच परत द्यावं लागलेलं असतं, म्हणून तिथे अमेरिकन पासपोर्ट दाखवायचा. थोडं पुढे गेल्यावर इमिग्रेशनची खिडकी. तिथे भारतीय पासपोर्ट पुढे केला तर अधिकारी बोर्डिंग पासकडे बघून विचारतो, अमेरिकेचा व्हिसा कुठे आहे? अमेरिकन पासपोर्ट पुढे केला तर तो विचारतो, यात भारतात आल्याचा शिक्का कुठे आहे? दोन्ही पुस्तिकांमध्ये अर्धा अर्धा प्रवास आहे. आलेला माणूस आणि जाणारा माणूस कागदोपत्री एकच ठरत नाही, आणि हे कळायला कुणी हुशार असावं लागत नाही. शिक्क्यांची जोडी जुळली नाही की झालं.

“समजा, त्याने विचारलंच नाही तर?” भाऊ म्हणाला.

हा प्रश्न मी अनेक दिवस मनात घोळवला, कारण तो कायद्याचा प्रश्न नव्हता. पकडला गेला नाही तर काय, असं तो विचारत नव्हता. न विचारलेली गोष्ट न सांगणं हे खोटं बोलणं आहे का, असं तो विचारत होता.

एरवी मी म्हटलं असतं, नाही. लंडनला राहणारी माझी एक मैत्रीण ब्रिटिशही आहे आणि अमेरिकनही. ती हीथ्रोला ब्रिटिश पासपोर्ट दाखवते आणि न्यू यॉर्कला अमेरिकन. दोन्ही देशांना दुहेरी नागरिकत्व मान्य आहे. तिने चुकून दोन्ही पासपोर्ट एकाच खिडकीवर ठेवले तर अधिकारी फार तर त्यातला एक परत सरकवेल. ती निवड करते, लपवत काही नाही. तिथे कुठला कागद दाखवायचा हा सोयीचा प्रश्न आहे, कोणत्या दारातून गेलं तर रांग लहान असेल, असा.

ओसीआय कार्डाचंही तसंच. हे कार्ड पासपोर्ट नाही आणि नागरिकत्वही नाही. नाव ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ असलं तरी तो आजन्म चालणारा व्हिसा आहे. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पण कितीही काळ राहिलं तरी एफआरआरओकडे नोंदणी करावी लागत नाही. ते एकटं दाखवून कुठेच जाता येत नाही. विमान कंपनीला आणि भारतीय इमिग्रेशनला परदेशी पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही एकत्र द्यायचे, परत आपल्या देशात उतरताना फक्त पासपोर्ट. प्रत्येक खिडकीवर दोन्ही कागद उघडे ठेवले तरी काही बिघडत नाही.

म्हणून मला कसोटी तीच वाटते: माझ्याकडचे सगळे कागद मी प्रत्येक काउंटरवर एकत्र ठेवू शकेन का? ठेवू शकत असेन तर कुठला दाखवायचा हा शिष्टाचाराचा भाग. ठेवू शकत नसेन तर दुसरा कागद खिशात आहे हे कळताच समोरचा माणूस वेगळा निर्णय घेईल, आणि मला ते माहीत आहे. मग त्याने न विचारणं हा माझा बचाव होऊ शकत नाही.

भावाच्या बाबतीत दुसरा कागद खिशात असणं हीच निर्णायक गोष्ट होती. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगतं की, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. कुणी काढून घ्यावं लागत नाही, ते आपोआप जातं. कपाटातला पासपोर्ट सहा वर्षं वैध दिसत होता, पण तो ज्या माणसाचा होता तो माणूस शपथेच्या दिवसापासून उरलाच नव्हता. आणि त्या कायद्याखालच्या नियमांत आणखी कडक एक वाक्य आहे: दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळवणं हाच त्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा. १९६२ साली इझहार अहमद खान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरवला. म्हणजे पासपोर्ट काय सांगतो हे महत्त्वाचं, मनात काय होतं हे नाही.

हे मला सरळ वाटत होतं, पण गोव्याचा विचार आला की ते इतकं सरळ राहत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची आणि त्यांच्या मुलानातवंडांची जन्मनोंद लिस्बनमध्ये होऊ शकते. पोर्तुगीज कायद्याच्या दृष्टीने त्या माणसाला नवं काही मिळत नाही. तो मुळातच पोर्तुगीज होता, फक्त वहीत नाव उशिरा चढलं. त्या आधारावर तो पासपोर्ट घेतो, २०२० पर्यंत त्यावर इंग्लंडमध्ये स्विंडनला कामाला जाता यायचं, आणि भारताच्या दृष्टीने त्या पासपोर्टने त्याचं भारतीयत्व संपवलेलं असतं. लिस्बनमध्ये जे त्याचं आधीपासून होतं, तेच पणजीत त्याने नव्याने घेतलेलं ठरतं. दोन्ही देशांनी एकाच माणसाबद्दल परस्परविरोधी विधान केलं आहे, आणि दोन पुस्तिका घेऊन रांगेत मात्र तो उभा आहे. अशा माणसाने दुसरी पुस्तिका लपवली तर त्याला अप्रामाणिक म्हणताना माझी जीभ जरा अडते. नियमाने माणसाला असं कात्रीत पकडलं असेल तर त्याच्या गप्प राहण्याची सगळी जबाबदारी त्याच्या एकट्यावर टाकता येत नाही.

तरीही भावाची गोष्ट वेगळी होती. त्याने हात वर करून शपथ घेतली होती, आणि त्या दोन देशांमध्ये तरी त्याच्याबद्दल काही मतभेद नव्हता.

मला आणखी एक गोष्ट दिसत होती, जी न्यू जर्सीतून दिसली नसती. ईस्ट ब्लॉकच्या बाहेर मी वर्षानुवर्षं रांगा पाहिल्या आहेत. त्यात लाजपत नगरात राहणारी अफगाण कुटुंबं असायची, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले कागद. त्यांच्याकडे दाखवायला एकच कागद असतो, आणि तोही मुदत संपत आलेला. त्या कागदाकडे अधिकारी संशयाने बघतो, कारण कुणीतरी, कुठेतरी, एक कागद दाखवून दुसरा लपवलेला असतो. संशयाची किंमत दोन पासपोर्टवाले फारशी देत नाहीत, ती रांगेत मागे उभ्या असलेल्यांवर पडते.

हे सगळं मी त्याला त्या रात्री एवढ्या नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, “जुन्यावर येऊ नकोस. वकिलातीत जा, तातडीचा व्हिसा माग. हॉस्पिटलचं पत्र मी आत्ता पाठवते.”

त्याने ऐकलं. व्हिसा मिळाला, पण मध्ये शनिवार-रविवार आला. तो चौथ्या दिवशी पोचला. मावशी आदल्या संध्याकाळपर्यंत बोलत होती, नीट नाही, पण त्याचं नाव घेत होती. तो आला तेव्हा ती डोळे उघडून बघत होती आणि ओळखत नव्हती. नऊ दिवसांनी ती गेली.

त्याने मला कधी बोल लावला नाही. मी मात्र ते दिवस मोजते. त्याने जुना पासपोर्ट दाखवला असता तर बहुधा दोन दिवस आधी पोचला असता, आणि परततानाचं जे काय व्हायचं ते नंतर झालं असतं. एका खिडकीवर खरं बोलण्यासाठी एका बाईच्या शेवटच्या दोन शहाण्या दिवसांची किंमत द्यावी का, याचं उत्तर माझ्या कसोटीत नाही. ती कसोटी काय लपवणं आहे एवढंच सांगते. लपवणं कधी क्षम्य आहे, ते सांगत नाही. त्याने तसं केलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं. पण ‘लोक करतात, त्यात काय’ असं म्हणून मी ते नाहीसं केलं नसतं.

दिवस झाल्यावर तो जुना पासपोर्ट रद्द करायला भिकाजी कामा प्लेसला गेला, मी बरोबर होते. ज्यांचं नाव त्या जागेला आहे त्या मादाम कामांनी १९०७ साली स्टुटगार्टला भारताचा झेंडा फडकावला आणि त्यानंतर दशकानुदशकं त्यांना मायदेशी येता आलं नाही. १९३५ मध्ये, राजकारणात पडणार नाही असं लिहून दिल्यावर, त्यांना मुंबईला येऊ दिलं, आणि वर्षभरात त्या गेल्या. त्यांनी परतण्यासाठी काय लिहून दिलं यावरून त्यांच्या निष्ठेचा हिशेब आज कुणी करत नाही.

खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही पासपोर्ट मागितले. भावाने ते शेजारी शेजारी ठेवले. एकाच चेहऱ्याचे दोन फोटो, एकात केस जास्त. बाईंनी तारखा पडताळल्या, शपथेनंतर जुन्यावर प्रवास केला आहे का, असं विचारलं.

“नाही,” तो म्हणाला, आणि पानं उलटून दाखवली.