छिद्रापलीकडचा मृत्यू

मारक टी पेशी विषाणूने ग्रासलेल्या पेशीला येऊन चिकटते, काही मिनिटे तशीच राहते आणि मग तिला सोडून पुढच्या पेशीकडे वळते. मागे राहिलेली पेशी थोड्याच वेळात मरते. स्पर्शाच्या त्या मोजक्या मिनिटांत काय घडते, या प्रश्नाचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत अनेकदा बदलले. त्या बदलांचा माग काढताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. संशोधक मृत्यू कशाने मोजत होते, यावर त्यांची मृत्यूविषयीची कल्पना ठरत होती.

१९६८ पासून एक पद्धत रूढ झाली. लक्ष्य पेशींना किरणोत्सारी क्रोमियम पाजायचे, त्यात मारक पेशी मिसळायच्या आणि चार तासांनी बाहेरच्या द्रवात किती क्रोमियम उतरले ते मोजायचे. पेशीपटल फुटले की क्रोमियम बाहेर पडते. म्हणजे या चाचणीला मृत्यू दिसतो तो फक्त गळतीच्या रूपाने. त्यामुळे मारक पेशी लक्ष्य पेशीला भोके पाडत असावी, ही कल्पना सहज रुजली. रक्तातील कॉम्प्लिमेंट प्रथिने जिवाणूंना अशीच मारतात, हे ठाऊक होतेच. १९८०च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हल्ला झालेल्या पेशींच्या पटलावर खरोखरच गोल कडी दिसली. पुढे पोडाक आणि डेनर्ट यांनी मारक पेशींपासून निघणारी ही कडी तपशिलाने दाखवली. १९८५ मध्ये मारक पेशींच्या कणांतून परफोरिन शुद्ध रूपात हाती आले आणि १९८८ मध्ये त्याचे जनुक सापडले. त्याचा काही भाग कॉम्प्लिमेंटच्या प्रथिनांशी जुळणारा निघाला. कोडे सुटले, असे वाटण्याजोगी ही स्थिती होती.

परंतु काही संशोधक गळतीऐवजी लक्ष्य पेशीचा डीएनए मोजत होते. जॉन रसेल यांनी दाखवले की टी पेशीच्या हल्ल्यात केंद्रक आधी मोडते, पटल नंतर फुटते. १९८३ मध्ये ड्यूक, शेर्व्हेनॅक आणि कोहेन यांना त्या डीएनएचे ठरावीक लांबीचे, सुमारे दोनशे जोड्यांच्या पटीतले तुकडे आढळले. केवळ पटल फोडून पेशी मारली, तर असे तुकडे होत नाहीत. कॉम्प्लिमेंटने मारलेल्या पेशीतून क्रोमियम भराभर बाहेर पडते, पण डीएनए अखंड राहतो. डीएनएचे असे पद्धतशीर तुकडे होणे ही अपोप्टोसिसची खूण आहे. या मृत्यूचे वर्णन केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्येच केले होते. त्यात पेशी स्वतःच्याच विकरांनी आतून मोडते. म्हणजे मारक पेशी काहीतरी सुरू करून देते आणि उरलेले काम लक्ष्य पेशी स्वतः करते. शुद्ध परफोरिनने पेशी फुटत होत्या, मात्र डीएनएचे तुकडे होत नव्हते. छिद्राचा सिद्धान्त इथे अडला.

ही कोंडी फोडणारा एक प्रयोग मला फार देखणा वाटतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधील पिएर हेनकार्ट यांच्या गटाने उंदराच्या बेसोफिल ल्युकेमियाच्या पेशी घेतल्या. या पेशींत कण असतात आणि त्या ते बाहेरही टाकतात, पण मारण्याचे सामान त्यांच्यात नसते. त्यांच्यात एकट्या परफोरिनचे जनुक घातले तेव्हा त्या लक्ष्य पेशी फोडू लागल्या, पण डीएनए मोडला नाही. परफोरिनसोबत ग्रॅन्झाइम ए घातले तेव्हा डीएनएही मोडला. १९९२ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे एका चौकटीत बसले. ग्रॅन्झाइम हे कणांमधील प्रथिने कापणारे विकर आहेत. परफोरिन त्यांना आत जाण्याची वाट करून देते. १९९५ मध्ये पुढची पायरी स्पष्ट झाली. ग्रॅन्झाइम बी लक्ष्य पेशीतील कॅस्पेज-३ हे निद्रिस्त विकर कापून जागे करते आणि अपोप्टोसिसची साखळी सुरू होते.

तरीही एक निरीक्षण बाजूला पडून होते. परफोरिनला पटलाला चिकटायला कॅल्शियम लागते. कॅल्शियम बांधून टाकले तर मृत्यू थांबायला हवा होता. काही मारक पेशी मात्र त्याविनाही मारत होत्या. इस्राएलमधील गिडिऑन बर्क हे या उरलेल्या मृत्यूकडे बोट दाखवत राहिले. १९९३ मध्ये मार्सेच्या पिएर गोल्स्टीन यांच्या गटाने त्याचा उलगडा केला. हा मृत्यू लक्ष्य पेशीच्या पृष्ठभागावरील फास या ग्राहक रेणूमार्फत होतो. मारक पेशीवरील फास लिगँड त्याला बिलगला की आतल्या बाजूला कॅस्पेज-८ जागे होते आणि तेही कॅस्पेज-३पर्यंतच पोचते. इथे छिद्र नाही आणि ग्रॅन्झाइमही नाही.

१९९४ मध्ये झुरिकच्या केगी आणि सहकाऱ्यांनी परफोरिन नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या मारक पेशी विषाणू ओळखत होत्या, वाढतही होत्या, पण विषाणू हटवू शकत नव्हत्या. याच पेशी फास असलेल्या लक्ष्यांसमोर काही प्रमाणात मारत होत्या. फास नसलेल्या लक्ष्यांसमोर ठेवल्यावर मारणे थांबले. अल्प वेळात होणाऱ्या हत्येचे मुख्य मार्ग दोनच आहेत, हे यातून ठरले.

छिद्राविषयीची समजही बदलली. २०१३ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवले की परफोरिनचे छिद्र दीड मिनिटही टिकत नाही. कॅल्शियम आत शिरताच लक्ष्य पेशी पटलाची डागडुजी करते, पण तोवर ग्रॅन्झाइम आत पोचलेले असतात. २०२०च्या शोधांनी यात आणखी भर घातली. ग्रॅन्झाइम काही पेशींतील गॅसडर्मिन कापतात, मग त्या पेशी आतूनच भोके पाडून घेतात आणि दाह पसरवत फुटतात. म्हणून मारक पेशी केवळ शांत मृत्यू घडवते, हेही आता ठामपणे म्हणता येत नाही.

या सगळ्याचा माणसाशी संबंध १९९९ मध्ये उघड झाला. काही तान्ह्या मुलांना सतत ताप येतो, प्लीहा वाढते, रक्तपेशी घटतात, फेरिटिन चढते. या आनुवंशिक एचएलएच आजाराच्या एका प्रकारात परफोरिनचे जनुकच सदोष असते. भारतीय मुलांतील असे दोष मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने नोंदवले आहेत. मारण्याची शक्ती नसताना प्रतिकारशक्ती इतकी खवळते कशी? मेलबर्नच्याच गटाने २०१५ मध्ये याचे उत्तर दिले. लक्ष्य पेशीत कॅस्पेज जागे झाले की मारक पेशीला सुटण्याचा संकेत मिळतो. लक्ष्य मेलेच नाही, तर ती सुमारे पाचपट वेळ चिकटून राहते आणि इंटरफेरॉन गॅमासारखे रेणू सोडत राहते. त्यांनी मॅक्रोफेज पेटतात.

म्हणून निदानात नैसर्गिक मारक पेशींमधील परफोरिन फ्लो सायटोमेट्रीने तपासतात. एटोपोसाइड आणि स्टेरॉइड देऊन वादळ आवरता येते, पण कायमचा उपाय मूळपेशी प्रत्यारोपणाचा आहे. लहान मुलाचा ताप हटत नसेल, रक्तपेशी घटत असतील आणि प्लीहा वाढलेली असेल, तर ही तपासणी लांबणीवर टाकू नये.